उरलेली लघवी २५८ मिली

श्रावणात, चतुर्थीला तीन आठवडे उरलेले असताना, वेंगुर्ल्याकडचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ६९, थोडी सुपारी, थोडे माड, घरापुरता भात. त्यांना इथे तात्या म्हणू. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "झील म्हणता ऑपरेशन करूक होया. खरा काय ता सांगा."

मुलगा मुंबईला. रिपोर्टचा फोटो त्याला मोबाइलवर गेला होता आणि दोन तासांत तिथल्या एका डॉक्टरांची वेळ घेऊन झाली होती. कोकणकन्येचं तिकीट तेवढं बाकी होतं. रिपोर्टमधल्या दोन ओळींखाली कुणीतरी लाल पेनाने रेघ मारली होती. पहिली ओळ, प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली, ४६ ग्रॅम. दुसरी, लघवी केल्यानंतर उरलेली लघवी २५८ मिली, लक्षणीय.

रिपोर्ट बाजूला ठेवून मी आधी त्रास विचारला. दोन वर्षांपासून धार बारीक झाली होती. सुरू व्हायला वेळ लागायचा, मधे तुटायची, आणि झाली असं वाटून परत फिरलं की पुन्हा दोन थेंब. बागेच्या कडेला उभं राहून करण्याची सवय असलेल्या माणसाकडे धार मोजायचं स्वतःचं माप असतं. "पयली माडाच्या मुळापर्यंत जाय होती, आता चपलेर पडता," असं त्यांनी सांगितलं. रात्री चार वेळा उठणं. जळजळ नाही, रक्त नाही, ताप नाही, झोपेत कपडे ओले होणं नाही. हे शेवटचं मी प्रत्येकाला मुद्दाम विचारतो, कारण ते लाजेखातर कुणी आपणहून सांगत नाही, आणि काठोकाठ भरलेली लघवीची पिशवी रात्री अशीच ओसंडते.

लक्षणांचा सात प्रश्नांचा जो तक्ता असतो, त्यात ३५ पैकी १७ गुण आले. ८ ते १९ म्हणजे मध्यम त्रास, २० पासून पुढे तीव्र. बोटाने तपासल्यावर प्रोस्टेट मोठी पण गुळगुळीत, रबरासारखी लागली. दगडासारखी कडक गाठ कुठे नव्हती. ओटीपोटात ठोकून पाहिलं, पिशवी वर आलेली नव्हती. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सुजलेल्या नव्हत्या आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.० होतं, म्हणजे ठीक.

म्हणजे अंगाची गोष्ट एक आणि कागदाची दुसरी. पाव लिटर लघवी रोज मागे राहणारा माणूस असा दिसू शकत नाही असं नाही, पण किडन्या शांत, पिशवीत खडा नाही, भिंतीला फुगे नाहीत, जंतुसंसर्ग नाही. मला त्या २५८ ची शंका आली. मग ती सकाळ कशी गेली ते मी तात्यांना घड्याळ लावून सांगायला लावलं.

नऊ वाजता घरून निघताना नेहमीच्या गोळ्या घेतल्या. एसटीने सेंटरवर पोचायला साडेदहा. तिथे सांगितलं, पाणी प्या, पिशवी फुगली पाहिजे. दीड लिटर प्यायले. गर्दी होती. साडेबाराच्या सुमारास कळ सोसवेना म्हणून बाईंना दोनदा विनवलं. शेवटी आत घेतलं, भरलेली पिशवी पाहिली, आणि लघवी करून या म्हणाले. संडास एकच, बाहेर माणसं उभी, कडी नीट लागेना. कशीबशी केली. परत आले तर आत एक गरोदर बाई, तातडीचं प्रकरण. तात्या बाकावर बसून राहिले. किती वेळ? "बातम्या सुरू झाल्यो, संपल्यो," ते म्हणाले. टीव्हीवरच्या बातम्या. पंचवीस मिनिटं धरू.

आता गोळ्या. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, आणि तीन महिन्यांपासून पायावर सूज येते म्हणून कुणीतरी सुरू केलेली टॉरसेमाइड १० मिलिग्रॅम. टॉरसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी आहे. पोटात गेल्यावर तास-दोन तासांत तिचा जोर शिखरावर जातो आणि सहा-आठ तास टिकतो. एरवी किडनी मिनिटाला साधारण एक मिली लघवी बनवते. अशी गोळी आणि वर दीड लिटर पाणी असेल तर मिनिटाला पाच-सात मिली सहज होते. पंचवीस मिनिटांना सहाने गुणलं की दीडशे मिली. ही लघवी तात्यांची उरलेली नव्हतीच, ती बाकावर बसल्या बसल्या नव्याने तयार झालेली. २५८ मधून १५० गेले की शंभराच्या आसपास काहीतरी उरतं.

हा हिशेब अंदाजाचा आहे, पुरावा नव्हे. पण रिपोर्टवर किती मिनिटांनी मोजलं हे लिहिलेलं नव्हतं. आधी पिशवीत किती होती तेही नव्हतं. सेंटरच्या सोनोलॉजिस्टना फोन केला. त्यांनी जपून ठेवलेल्या प्रतिमा उघडून सांगितलं की लघवीआधी ६४० मिली होती. तिथे दुसरी गोष्ट कळली. साधारण तीनशे-चारशे मिलीला माणसाला चांगली कळ येते. ६४० पर्यंत ताणलेली पिशवी ताणून ताणून सैल झालेल्या रबरासारखी असते. तिचा स्नायू पूर्ण जोर लावूच शकत नाही. पंचविशीतल्या धडधाकट मुलाची पिशवी अशी फुगवून, दाराशी रांग लावून लघवी करायला सांगितली तर त्याचीही काही मागे राहील.

सेंटरला दोष देण्यात अर्थ नाही. पोटाच्या सोनोग्राफीसाठी भरलेली पिशवी त्यांना लागतेच, तिच्या खिडकीतूनच प्रोस्टेट दिसते. उरलेली लघवी मोजायला मात्र पिशवी बेताची भरलेली हवी. एकाच खेपेत दोन्ही कामं करताना दुसऱ्याचा बळी जातो.

शंकेला आणखी एक कारण होतं, ते मात्र मोजणीचं नव्हे, खरोखरच्या अडथळ्याचं. त्रास दोन वर्षांचा, पण सोनोग्राफी आत्ताच का? तर आषाढातल्या पावसात सर्दी झाली, दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या, दिवसाला तीन, गेले दहा दिवस. तेव्हापासून धार फारच मंदावली. या गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी असते. पहिल्याने पिशवीचा स्नायू ढिला पडतो, दुसऱ्याने पिशवीच्या तोंडाचा आवळतो. ज्याची वाट आधीच अरुंद आहे त्याला ही जोडी महागात पडते. पावसाळ्यात लघवी पूर्ण तुंबून, नळी घालायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या खिशात ही पट्टी मी कितीदा तरी पाहिली आहे. तात्यांच्याही खिशात होती, दोन गोळ्या उरलेल्या.

फोनवर मुलगा म्हणाला, "डॉक्टर, अडीचशे म्हणजे पाव लिटर झालं ना? आणि प्रोस्टेट दुप्पट."

दुप्पट हे खरं. तरुणपणी प्रोस्टेट वीस-पंचवीस ग्रॅमची असते. पण सोनोग्राफीचं मशीन वजन करत नाही. ते तीन लांब्या मोजतं, रुंदी, जाडी आणि उंची, त्यांचा गुणाकार करतं आणि त्याला ०.५२ ने गुणतं, कारण प्रोस्टेट साधारण अंडाकृती आहे असं मानलेलं असतं. तात्यांची मापं होती ४.८, ४.१ आणि ४.५ सेंटिमीटर. गुणाकार येतो ४६. यात उंची मोजताना कर्सर अर्धा सेंटिमीटर पुढे सरकला, ४.५ च्या जागी ५ झाले, तर तीच ग्रंथी ५१ ग्रॅमची होते. पोटावरून पाहताना खालचं टोक जांघेच्या हाडाच्या सावलीत जातं, त्यामुळे नेमकं हेच माप सर्वात जास्त चुकतं. उरलेली लघवीही याच सूत्राने काढतात, ९.२ गुणिले ७.६ गुणिले ७.१ गुणिले ०.५२, म्हणजे २५८. शेवटचा तो ८ फारसा मनावर घ्यायचा नसतो.

त्याहून मोठी गोष्ट ही की ग्रॅम आणि त्रास यांचं नातं फार सैल आहे. लघवीची नळी प्रोस्टेटच्या मधून जाते. ग्रंथी बाहेरच्या बाजूला वाढली तर नव्वद ग्रॅमची होऊनही माणूस सुखाने झोपतो. आतल्या बाजूला, विशेषतः मधला भाग वर पिशवीत घुसला, तर लहान ग्रंथीही बुचासारखी बसते. जोर लावावा तसं बूच आणखी घट्ट. म्हणून पिशवीत प्रोस्टेट किती मिलिमीटर डोकावते हे मोजावं, असं मी चिठ्ठीवर लिहून मागतो. ५ च्या आत असेल तर सौम्य, १० च्या वर असेल तर अडथळ्याची आणि पुढे तुंबण्याची शक्यता चांगलीच वाढते. पहिल्या रिपोर्टमध्ये हे नव्हतं. असतं तरी मी विश्वास ठेवला नसता, कारण पिशवी फार फुगली की तिचा तळ ताणला जातो आणि डोकावणारा भाग दबून कमी दिसतो. हे माप शंभर-दोनशे मिली लघवी असताना घ्यायचं.

मुलाला मी म्हटलं, तिकीट काढू नका, डॉक्टरांची वेळ रद्दही नको, आठ दिवस द्या.

सर्दीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद. लघवीची तपासणी केली, जंतू नव्हते. आठव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी ठरली, पण वेगळ्या रीतीने. त्या सकाळी टॉरसेमाइड घ्यायची नाही, तपासणी झाल्यावर घ्यायची. दीड तास आधी दोन पेले पाणी, बस्स. नेहमीसारखी कळ आली की लगेच आत घ्यायचं, हे सोनोलॉजिस्टशी आधीच बोलून ठेवलं. लघवी मापाच्या भांड्यात करायची. तात्यांनी स्वतःचं माप आणलं होतं, आंब्याच्या फवारणीचं औषध मोजायचं, मिलीच्या रेघा असलेलं. "धुवन हाडलंय," म्हणाले. मी हसलो आणि मेडिकलमधून नवीन मागवलं.

या खेपेला संडासाची कडी लागत होती. घाई कुणी केली नाही. भांड्यात २६५ मिली आली. लघवीआधी सोनोग्राफीत ३३० दिसली होती. बाहेर येऊन तात्या सरळ टेबलावर झोपले, चार मिनिटांच्या आत मोजलं. ५.८ गुणिले ४.९ गुणिले ४.७ गुणिले ०.५२, म्हणजे ६९ मिली.

इथे भांड्याचा उपयोग होतो. २६५ आणि ६९ मिळून ३३४, आणि आधीची पिशवी ३३०. दोन्हीकडचा हिशेब जुळला, म्हणून ६९ वर विश्वास ठेवायला हरकत नाही. भांड्यात २६५ येऊन मागे दीडशे दिसली असती तर कुठेतरी मोजणी चुकली किंवा मधे वेळ गेला असं समजलो असतो. सत्तरीला टेकलेल्या माणसात पन्नास ते शंभर मिली उरणं हे घाबरण्यासारखं नाही. प्रोस्टेट पिशवीत ६ मिलिमीटर डोकावत होती, म्हणजे मधल्या पायरीवर. आणि ग्रंथीचं माप आलं ४.७, ३.९, ४.२, म्हणजे ४० ग्रॅम. आठ दिवसांत सहा ग्रॅम वितळले नव्हते. हात वेगळा, पिशवी वेगळी, एवढंच.

२५८ चे ६९ झाले त्यात सर्दीच्या गोळ्या थांबवल्याचा वाटा किती आणि नीट मोजल्याचा किती, हे मला सुटं करून सांगता येणार नाही. दोन्ही एकाच आठवड्यात बदललं. शास्त्रोक्त प्रयोग करायचा असता तर एकेक बदललं असतं. समोर माणूस असताना तसं करत नाहीत.

धारेचा वेग मोजायच्या यंत्रावरही एकदा लघवी करून घेतली. २४० मिली, सर्वाधिक वेग सेकंदाला ११ मिली. दीडशेच्या खाली लघवी झाली तर ही तपासणी धरत नाहीत, इथे पुरेशी होती. १५ च्या वर असतं तर अडथळा नसावा असं म्हटलं असतं, १० च्या खाली असता तर बहुधा आहे. ११ म्हणजे अध्येमध्ये. यात एक अडचण कायम राहते. धार बारीक असणं आणि लघवी उरणं, दोन्ही दोन कारणांनी होतं, वाट अरुंद असल्याने किंवा पिशवीचा स्नायू थकल्याने. मधुमेह असलेल्यांत दुसरं बरंच दिसतं. सोनोग्राफी या दोघांत फरक करू शकत नाही. तो करायचा तर पिशवीत बारीक नळी घालून दाब मोजावा लागतो, आणि ऑपरेशन ठरत असेल तेव्हाच त्या वाटेला जाणं बरं. तात्यांना मधुमेह नाही, त्यामुळे मी अडथळा धरून चाललो.

रात्रीच्या चार खेपा मात्र मला सगळ्या प्रोस्टेटच्या वाटत नव्हत्या. तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायला सांगितलं होतं. तात्यांनी ते जमाखर्चासारखं नेटकं लिहून आणलं. रात्री नऊनंतर सकाळपर्यंतची बेरीज चोवीस तासांच्या निम्म्याला आली. या वयात एक तृतीयांशापर्यंत चालतं. पिशवी नीट रिकामी होत नसेल तर खेपा वाढतात, पण त्यामुळे किडनी रात्री जास्त लघवी बनवत नाही. ती बनते तेव्हा पाणी कुठूनतरी आलेलं असतं. तात्यांच्या बाबतीत ते पायांतून येत होतं. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, हा त्या गोळीचा ओळखीचा दोष. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि किडनी ते काढून टाकते. म्हणजे एका गोळीने सूज, सुजेसाठी दुसरी गोळी, दुसऱ्या गोळीने सोनोग्राफीचा आकडा फुगलेला, आणि आकड्यामुळे ऑपरेशन. त्यांच्या फिजिशियनशी बोलून अ‍ॅम्लोडिपिनच्या जागी दुसरी गोळी दिली. दोन आठवड्यांत घोटे उतरले आणि टॉरसेमाइड त्यांनीच बंद केली.

अडथळ्यासाठी टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर. ही गोळी ग्रंथी लहान करत नाही, वाटेभोवतीचा स्नायू सैल करते. पहिल्या काही रात्री उठताना आधी खाटेवर मिनिटभर बसा, एकदम उभे राहिलात तर चक्कर येईल, हे दोनदा बजावलं, कारण त्यांच्या घराला तीन पायऱ्या आहेत आणि संडास मागीलदारी. दुसरी सूचना डोळ्यांची. दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. टॅम्सुलोसिनमुळे त्या ऑपरेशनमध्ये बुबुळाचा पडदा लुळा पडतो, डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते तयारी ठेवतात. ऐन वेळी गोळी बंद करूनही तो परिणाम जात नाही, म्हणून चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं.

ग्रंथी आकसवणारी फिनास्टेराइड देण्याचा विचार झाला. ४० ग्रॅमला ती देता येते. पण परिणाम दिसायला सहा महिने लागतात, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेसाठी रक्तात पाहतात त्या पीएसएची पातळी तिने निम्मी होते, त्यामुळे पुढे तो आकडा वाचताना दुप्पट करून वाचावा लागतो. तात्यांना आणखी एक कायमची गोळी नको होती. मलाही घाई दिसली नाही.

उरलेल्या लघवीचा आकडा नेहमी फुगीरच असतो असा अर्थ कुणी यातून काढू नये. गेल्या वर्षी एक रापणकर आले होते, साठीतले, प्रोस्टेट जेमतेम २६ ग्रॅम. त्रास विचारला तर म्हणाले विशेष काही नाही, फक्त रात्री गोधडी ओली होते. पिशवीत लघवी केल्यानंतर ७०० मिली, दोन्ही किडन्या फुगलेल्या, क्रिएटिनिन ४ च्या वर. त्यांना फेरमोजणी नव्हे, त्याच तासाला नळी हवी होती आणि त्यानंतर दोन दिवस किती लघवी उतरते यावर पहारा. रिपोर्टमध्ये "प्रोस्टेट सामान्य" अशी ओळ होती आणि घरचे त्या ओळीवर निर्धास्त होते.

सहा आठवड्यांनी, गणपती पोचवून झाल्यावर, तात्या आले. तक्त्यात १७ चे ९ झाले. रात्री दोनदा उठणं, कधी एकदा. तशाच रीतीने मोजलेली उरलेली लघवी ४५ मिली. प्रोस्टेट या खेपेला ४४ ग्रॅम. संध्याकाळी मुलाचा फोन, "डॉक्टर, गोळी चालू असून चार ग्रॅम वाढली." ४६, ४०, ४४ हे तिन्ही आकडे एकाच ग्रंथीचे आहेत हे समजावायला दहा मिनिटं गेली, आणि पटलं की नाही ते माहीत नाही.

पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत, लघवीआधी किती, भांड्यात किती, किती मिनिटांनी मोजलं. दोनदा नीट मोजूनही तीनशेच्या वर राहिली, किडनी फुगली, क्रिएटिनिन चढलं, लघवीत रक्त किंवा वारंवार जंतू आले, किंवा एकदा पूर्ण तुंबली, तर मुंबईचं तिकीट मीच काढायला सांगेन. तात्यांनी चिठ्ठी घडी करून त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. मेडिकलमधून आणलेलं मापाचं भांडं पिशवीत आधीपासून होतं.